शुक्र कन्येत, मंगळ कर्केत : हा माणूस जीव लावतो तो कसा ओळखायचा?

चाफा27

नमस्कार मंडळी. घरी माझ्यासाठी स्थळं बघणं सुरू आहे. त्यातल्या एका मुलाला मी आतापर्यंत तीनदा भेटले. मला तो आवडलाय, पण त्याला मी आवडले की नाही ते काही केल्या कळत नाही. त्यात आमच्या मामांनी पत्रिका पाहिली आणि म्हणाले, "शुक्र नीचेचा, त्यात अस्तंगत. मुलगा कोरडा निघेल. वर मंगळ अष्टमात." आई तेव्हापासून गप्प आहे.

पत्रिका जुळते का, हे मला विचारायचं नाहीये. शुक्र आणि मंगळावरून माणसाची प्रेम करायची पद्धत कशी वाचतात, ते समजून घ्यायचंय. त्याला न विचारता जन्मतारीख इथे टाकत नाही, पण पत्रिकेतले स्पष्ट ग्रह देते. लग्न धनू 5 अंश. दशमात कन्येत शुक्र 1 अंश, रवी 9, बुधही 9. अष्टमात कर्केत मंगळ 29 अंश. व्ययात वृश्चिकेचा चंद्र. माझा शुक्र सिंहेत आहे आणि मंगळ तुळेत.

आता त्याच्याबद्दल. पहिल्या भेटीत माझ्या चपलेचा पट्टा तुटला. मला हॉटेलात बसवून तो चप्पल घेऊन मोच्याकडे गेला आणि पंचवीस मिनिटांनी शिवून घेऊन आला. दुसऱ्या भेटीत माझ्या स्कूटीकडे बघून म्हणाला, "पीयूसी संपलीय तुझी." साडीबद्दल, माझ्याबद्दल, एक शब्द नाही. मधली एक भेट मला ऐनवेळी रद्द करावी लागली, तर "ठीक आहे" एवढं कळवून तीन दिवस गप्प होता.

रोहन_नाशिक

शुक्र कन्येत म्हणजे चिकित्सक. प्रेमातसुद्धा हिशेब. पण मंगळ नीट बघ. मी असे ग्रह असलेली तारीख शोधून ॲपवर टाकली, तर मंगळ सिंहेत 23 अंशांवर येतो. सिंहेचा मंगळ असलेला मुलगा आवडलेल्या मुलीला चार लोकांत मिरवतो, फुलं पाठवतो, मित्रांना सांगत सुटतो. हा तसं काहीच करत नाहीये. म्हणजे त्याला तू आवडलेली नाहीस. वाईट वाटून घेऊ नकोस, पण मला तरी हे सरळ दिसतंय.

कुतूहल

मंगळ आठव्यात असेल तर मुलीलाही मंगळ हवा. तुझ्या पत्रिकेत मंगळ कितव्या घरात आहे ते आधी सांग. आमच्याकडे वहिनीच्या वेळी याच कारणाने दीड वर्ष गेलं. किती गुण जमतात?

चाफा27

@कुतूहल, गुण अठरापेक्षा जास्त आहेत, तो प्रश्नच नाही हो. @रोहन, ॲपवर मलाही सिंहच दिसला. शुक्र मात्र दोन्हीकडे कन्येतच. मग एकच ग्रह का बदलला?

वसुधा_सांगली

चाफा, इथूनच सुरुवात करूया, कारण रोहनचा सगळा निष्कर्ष याच गाठीवर उभा आहे. ती बहुतेक ॲप पाश्चात्त्य पद्धतीची असतात, सायन. आपली पत्रिका निरयन. दोन्हींत सध्या साधारण 24 अंशांचा फरक आहे. सायन स्थानातून 24 अंश मागे आलं की आपलं स्थान मिळतं. मुलाचा मंगळ सायन सिंहेत 23 वर, तो मागे येऊन कर्केच्या 29 वर बसतो. शुक्र सायन कन्येत 25 वर असणार, तो मागे येऊनही कन्येतच राहतो, पहिल्या अंशात. सायन राशीच्या शेवटच्या सहा अंशांत असलेल्या ग्रहाचीच रास दोन्हीकडे सारखी येते, बाकी सगळे एक रास मागे जातात.

दोन्ही पद्धती आपापल्या जागी चालतात. पण ग्रह एकीकडून आणि फळ दुसरीकडून, असं घेतलं की सगळं बिघडतं. चाफा, तुझी पत्रिका निरयन आहे तर फळही निरयनाचंच वाच.

आता शुक्र. शुक्रावरून माणसाला काय आवडतं आणि आवडल्यावर तो काय देतो, हे पाहतात. कन्येत तो नीच का, तर कन्या ही बुधाची रास आहे. तपासणारी, दुरुस्त करणारी, कामाला लागणारी. शुक्राला हवा असतो निवांतपणा, सजावट, गोड बोलणं. कन्येत त्याला ते करायला सवड मिळत नाही. म्हणून तो जे देतो ते कामाच्या रूपात देतो. "तू छान दिसतेस" हे त्याच्या तोंडी यायला वेळ लागेल, पण तुझं काय तुटलंय ते त्याच्या नजरेला आधी पडेल. नीच म्हणजे प्रेम नाही, असं मुळीच नाही. शुक्राची नेहमीची भाषा त्याला बोलता येत नाही, इतकंच.

पुढची पायरी, राशीस्वामी कुठे आहे. इथे बुध त्याच कन्येत, उच्चीचा, शुक्राच्या शेजारी, केंद्रात. धनू लग्नाला बुध सप्तमेश, म्हणजे जोडीदाराच्या घराचा मालक. याला नीचभंग म्हणतात. मामांनी शुक्र पाहिला, त्याला सांभाळणारा बुध पाहिला नाही. स्थान दशम आहे, म्हणून जीव लावणं आणि काम करणं यात हा माणूस फारसा फरक करत नसावा.

पण एक अडचण खरी आहे. शुक्र रवीपासून आठ अंशांवर आहे, दहाच्या आत, म्हणजे अस्तंगत. आणि बुध तर रवीबरोबर एकाच अंशात. सांभाळणाराच झाकलेला असेल तर नीचभंग पुरा धरायचा का, यावर जाणकारांचंही एकमत नाही. मी अर्धा धरते. भावना आहे, पण ती समोरच्याला दिसत नाही आणि त्याला स्वतःलाही उशिरा कळते.

मंगळाबद्दल रात्री लिहिते. नातवाला शाळेतून आणायचंय.

मृणाल_न्यूजर्सी

वसुधाताई, कर्केच्या मंगळाबद्दल मीच लिहिते, चौदा वर्षं संसार केलाय त्या मंगळाबरोबर. आमच्या ह्यांना राग आला की आवाज चढत नाही. ते गॅरेजमध्ये जाऊन अवजारं लावत बसतात. सुरुवातीची दोन वर्षं मला वाटायचं, यांना काही फरकच पडत नाही. मग एकदा माझ्या बहिणीपाशी बोलताना त्यांनी आमच्या साखरपुड्याच्या दिवशी मी बोललेलं एक वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. मी साफ विसरले होते. त्यांनी ते सहा वर्षं मनात ठेवलं होतं.

आणि तरी मी आजारी पडले की हा माणूस रात्री तीनला उठून मऊ भात करतो. चाफा, ते तीन दिवसांचं गप्प राहणं मला फार ओळखीचं वाटलं.

शंतनू_ठाणे

मी आकाशनिरीक्षणाच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो. शुक्र सूर्यापासून 47-48 अंशांच्या पलीकडे कधी जातच नाही. त्यामुळे तो सूर्याच्याच राशीत किंवा फार तर दोन राशी अलीकडे-पलीकडे सापडतो. सरळ चालीत एका राशीत साधारण पंचवीस दिवस असतो. म्हणजे या मुलानंतरच्या तीन आठवड्यांत जन्मलेली सगळी बाळं कन्येच्या शुक्राचीच. शिवाय दर आठ वर्षांनी त्याच तारखांच्या आसपास शुक्र जवळपास त्याच जागी परततो. मग ही सगळी माणसं चपला शिवून आणणारी कशी असतील?

दुसरं म्हणजे, चाफाने चप्पल आणि पीयूसी आधी सांगितली आणि ताईंनी नंतर ग्रह वाचले. उत्तर माहीत असताना गणित सोडवणं सोपं असतं. ताईंचा अनादर करायचा नाही, मनापासून विचारतोय.

वसुधा_सांगली

शंतनू, दोन्ही मुद्दे रास्त आहेत.

पहिल्याबद्दल. म्हणूनच नुसत्या राशीवरून फळ सांगू नये. त्या पंचवीस दिवसांत शुक्राची रास तीच राहते, पण लग्न दर दोन तासांनी बदलतं आणि चंद्र सव्वादोन दिवसांनी. त्या बाळांपैकी कुणाचा शुक्र चतुर्थात असेल, तो घर सजवेल. कुणाचा द्वितीयात, तो खाऊ घालेल, बोलेल. दुसऱ्या एखाद्या वर्षी कन्येच्या शुक्रावर जन्मलेल्या काहींचा शुक्र रवीपासून लांब असेल, त्यांना भावना लपवायची गरज पडणार नाही. दोन ग्रहांवरून माणूस वाचतात असं सांगणारा अर्धंच सांगत असतो.

आता मंगळ. शुक्र आवड दाखवतो, तर ती मिळवायला माणूस पाऊल कसं टाकतो हे मंगळावरून दिसतं. आणि नकार मिळाला, मन दुखावलं, तर काय करतो तेही. मेषेचा मंगळ सरळ चालत येतो. कर्क म्हणजे खेकडा, तो तिरका चालतो. विचारायचं एक असतं आणि विचारतो दुसरंच. "भेटशील का?" याऐवजी "तुझं ऑफिस किती वाजता सुटतं?" चाफा, तू भेट रद्द केलीस ते त्याला लागलं असणार. "ठीक आहे" हे कवच, आणि तीन दिवस तो त्या कवचाच्या आत होता.

स्थान अष्टम, म्हणजे हे सगळं आणखी खोल. पण इथे एक महत्त्वाची गोष्ट आहे. मंगळ चंद्राच्या कर्केत आणि चंद्र मंगळाच्या वृश्चिकेत. दोघांनी घरं बदलली आहेत, परिवर्तन आहे. असे ग्रह एकमेकांना धरून ठेवतात. नीच मंगळ पडून राहत नाही, चंद्राच्या वाटेने काम करतो. त्याची धडपड भावनेतून येते, स्पर्धेतून नाही. मात्र घरं अष्टम आणि व्यय, दोन्ही बंद दारांची. जवळच्या माणसापुढे तो पुष्कळ मोकळा होईल, चार लोकांत नाही.

आणि कुतूहल, मंगळाच्या दोषाचं म्हणाल तर जुन्या अपवादांतच आहे. लग्नी मेषेचा, चतुर्थात वृश्चिकेचा, सप्तमात मकरेचा, अष्टमात कर्केचा आणि व्ययात धनूचा मंगळ असेल तर दोष धरत नाहीत. इथे नेमका अष्टमात कर्केचाच आहे. मामांना हा श्लोक दाखवा.

दुसऱ्या मुद्द्याबद्दल शंतनू, मी आधी लिहून ठेवते, चाफाने नंतर पडताळावं. तिने न सांगितलेल्या तीन गोष्टी. एक, तो भेट देतो ती वापरायची वस्तू असते आणि घेण्याआधी बराच शोध घेतलेला असतो. दोन, तिने केलेल्या किंवा आणलेल्या गोष्टीत आधी खोट काढतो, मग ती संपवतो. तीन, एखाद्या जुन्या मित्राशी किंवा नातेवाइकाशी मन दुखावल्यामुळे तो वर्षानुवर्षं बोलत नाही. चाफा, तुझा सिंहेचा शुक्र या परीक्षेत मध्ये येणार आहे, त्याच्यावर लक्ष ठेव.

चाफा27

ताई, माझा शुक्र मध्ये कसा येणार?

वसुधा_सांगली

सिंहेच्या शुक्राला कौतुक ऐकायचं असतं, तेही मोठ्याने. तुला प्रेम म्हणून जे ओळखू येतं ते शब्द आणि लोकांदेखतचा मान. त्याच्याकडून येतंय ते काम. मोच्याकडून चप्पल शिवून आणणं हे त्याच्या भाषेत जवळपास फुलांचा गुच्छच आहे, पण तुझ्या मनाने त्याची नोंद "मदत" अशी केली. तुझ्या पोस्टमध्येच बघ. पंचवीस मिनिटं एका ओळीत उरकलीस आणि साडीबद्दल बोलला नाही यावर थांबलीस.

उलट बाजूही आहे. तू त्याचं मोकळेपणाने कौतुक करशील तेव्हा कन्येचा शुक्र संकोचेल, विषय बदलेल. तुला वाटेल, याला आवडलं नाही. खरं तर त्याला ते कुठे ठेवावं हे समजत नसतं.

रोहन_नाशिक

ताई, सायन-निरयनाचं मला खरंच माहीत नव्हतं. चाफा, "आवडलेली नाहीस" हे माझं वाक्य मागे घेतो. पण एक विचारतो. माझा शुक्र ॲपवर तुळेत 10 वर आहे, स्वराशीचा म्हणून मी खुशीत होतो. मग तो कन्येत 16 वर जाणार का?

वसुधा_सांगली

हो, जाणार. पण आता लगेच नीच म्हणून खचू नकोस, बुध कुठे आहे ते आधी बघ.

चाफा27

मंडळी, अकरा दिवसांनी लिहितेय. रविवारी भेटलो.

पहिली गोष्ट बरोबर निघाली. त्याने मला रेनकोट दिला. स्कूटीवर बसल्यावर गुडघे भिजतात, म्हणून पुढून लांब असलेला. तीन दुकानं हिंडला, हे त्याच्या बहिणीकडून कळलं, तो बोलला नाही. दुसरीही. मी नारळाच्या वड्या नेल्या होत्या. पहिली खाऊन म्हणाला, "पाक थोडा पुढे गेलाय." मग डबा रिकामा करून, धुऊन परत दिला. ताई, तुमचं वाचलेलं नसतं तर मी त्या वाक्याशीच अडकून बसले असते.

मी मुद्दाम म्हणाले की चप्पल शिवून आणलीस ते मला फार आवडलं होतं. तर म्हणाला, "शिवण उसवली नाही ना परत?" आणि खाली बघून चप्पल तपासली. कान लाल झाले होते, हे मात्र मी पाहिलं.

तिसरी चुकली. कुणाशी अबोला आहे का, असं सहज विचारलं. एका मित्राने मोठी रक्कम उसनी घेऊन बुडवली होती. तर यानेच सहा महिन्यांनी फोन करून "पैशाचं राहू दे, तू ये" म्हणून त्याला घरी बोलावलं. तो मित्र त्या संध्याकाळी तिथेच होता. सगळ्यांसमोर हा त्याची बाजू घेऊन बोलत होता. मनात ठेवणारा अजिबात वाटला नाही.

देवगडचा_भाऊ

इतके दिवस वाचत होतो, आता राहवत नाही. मंगळ कर्केत 29 वर, म्हणजे राशीच्या अगदी काठावर. ताईंनी सांगितलेला तो 24 अंशांचा फरक म्हणजे अयनांश, आणि तुमची पत्रिका चित्रापक्षाच्या अयनांशाची दिसते, दाते पंचांगासारखी. आमच्याकडे कोकणात टिळक पंचांग चालतं, ते रैवतपक्षाचं. त्याचा अयनांश सुमारे चार अंशांनी कमी. त्याने हाच मंगळ सिंहेत तीनवर येतो आणि लग्न धनूच राहतं. म्हणजे मंगळ नवमात, अष्टमात नाहीच. दोषाची चर्चाच संपली. आणि सिंहेचा मंगळ क्षमा करतो ती अशीच, चार लोकांत, मोठ्या मनाने. मित्राची गोष्ट तंतोतंत बसते. शुक्र कन्येतच राहतो, पाच अंशांवर, त्यामुळे रेनकोट आणि वड्याही सुटत नाहीत.

वसुधा_सांगली

भाऊ, काठाचा मुद्दा बरोबर आहे आणि तो मीच आधी सांगायला हवा होता. तिसरी गोष्ट माझी चुकली, ती चुकलीच म्हणते. पण एका प्रसंगावरून पक्ष बदलायचा का? ते तीन दिवसांचं गप्प राहणं सिंहेच्या मंगळात कसं बसवाल? तो दुखावला की तिथल्या तिथे बोलून मोकळा होतो. शिवाय तुमच्या गणिताने परिवर्तनही मोडतं, आणि मला त्या मुलाच्या वागण्यात चंद्र फार दिसतो.

देवगडचा_भाऊ

तीन दिवस गप्प राहण्याला मी मान दुखावला असं म्हणेन. सिंहही रुसते वसुधाताई, फक्त रुसली आहे हे समोरच्याला कळेल अशी रुसते.

मृणाल_न्यूजर्सी

आमच्या ह्यांचा मंगळ कर्केत 11 वर आहे, म्हणजे भाऊंच्या पंचांगानेही कर्केतच. त्यांनी उसने पैसे बुडवणाऱ्याला जन्मात घरी बोलावलं नसतं. एवढंच सांगते, बाकी तुम्ही ठरवा.

शंतनू_ठाणे

तीनपैकी दोन. ताईंनी आधी लिहून ठेवलं, याचं मला मोल वाटतं. पण तिसरी चुकल्यावर दुसरं पंचांग काढलं, तर कुठलंच भाकीत कधी खोटं ठरणार नाही. भाऊंनी आता या मुलाबद्दल आधी काहीतरी लिहून ठेवावं, मग चाफाने बघावं.

देवगडचा_भाऊ

मान्य. लिहितो. लग्न ठरलं तर घरच्यांच्या आधी मित्रांना तो स्वतः सांगेल. ताईंच्या कर्केच्या मंगळाने सांगणार नाही. वसुधाताई, चालेल?

वसुधा_सांगली

चालेल. माझं म्हणणं, आधी आईला सांगेल, तेही बोलता बोलता, स्वयंपाकघरात. चाफा, त्याआधी एक काम कर. जन्मवेळ कुठून आली ते विचार. लग्न 5 अंशांवर म्हणजे धनू लागून वीसेक मिनिटंच झालेली. वेळ अर्ध्या तासाने मागे सरकली तर लग्न वृश्चिक, मग मंगळ नवमात आणि शुक्र लाभात. माझं सगळं पुन्हा पहिल्यापासून.

चाफा27

ताई, आत्ताच त्याच्या बहिणीला विचारलं. पत्रिकेत 12:40 आहे. पण त्याच्या आईच्या वहीत, बारशाच्या खर्चाच्या वर, पेन्सिलने 12:10 लिहिलंय. दवाखान्याचा कागद गावाकडच्या ट्रंकेत आहे म्हणे. शनिवारी तो गावी चाललाय. जाताना मला विचारत होता, "तुमच्याकडे शनिवारी सुट्टी असते ना?"

मृणाल_न्यूजर्सी

चाफा, तुला चल म्हणतोय तो!